मदत हवी आहे : करटप्प्याखालची गर्दी दरवाढीमुळे किती आणि गोल आकड्यामुळे किती?

नीरजा_म
प्रबंधाच्या एका प्रकरणासाठी मी विवरणपत्रांतील जाहीर उत्पन्नाचे वितरण तपासत आहे. ५,००,००० ला कराचा दर वाढतो आणि आलेखात त्याच्या अगदी अलीकडे ठळक उंचवटा दिसतो. ५,००० रुंदीचे रकाने पाडले, उंबरठ्याजवळचे वगळले आणि उरलेल्यांवरून बहुपदी बसवली. सातव्या घाताने जादा माणसे १,२०० येतात, पाचव्याने ९०० च्या आसपास. मार्गदर्शकांना एकच आकडा हवा आहे आणि परवा मसुदा द्यायचा आहे. कोणता घात योग्य, एवढेच सांगावे.

हिशेबनीस
माझा स्वतःचा व्यवसाय आहे. गेल्या वर्षी मीही मर्यादेच्या किंचित वर जाणार होतो, म्हणून शेवटच्या महिन्यातील दोन बिले नवे वर्ष लागल्यावर पाठवली आणि उत्पन्न मर्यादेखाली राहिले. तुम्हालाही हाच मार्ग सुचवीन.

नीरजा_म
माझ्या उत्पन्नाचा प्रश्न नाही, माहितीसंचाचा आहे.

सांख्यिक
घात वाढवा, नववा घ्या. मात्र आधी उंबरठ्याच्या वरच्या बाजूला खड्डा आहे का ते पाहा. मर्यादा ओलांडली की सगळ्या उत्पन्नावर जास्त दर लागतो, त्यामुळे लगेच वरचे रकाने ओस पडायला हवेत. खड्डा नसेल तर तुमचा उंचवटाच खोटा आहे.

अनुराधा_के
सगळ्या उत्पन्नावर जास्त दर लागत असेल, तरच हे खरे. फक्त मर्यादेवरच्या भागाला जास्त दर असेल, तर किंचित वर जाणाऱ्याचे फारसे नुकसान होत नाही. वरची माणसे थोडी थोडी खाली सरकतात, गर्दी होते, पण खड्डा पडत नाही. नीरजाताई, यांपैकी तुमच्याकडे काय आहे? दर किती, गर्दी नसती तर एका रकान्यात किती माणसे असती, पगारदार आणि स्वयंरोजगारी एकत्र आहेत का, आणि मर्यादा पहिल्यापासून इथेच होती का?

नीरजा_म
जास्त दर फक्त वरच्या भागाला लागतो, १० टक्क्यांवरून २० टक्के. रकान्यात अंदाजे ४०० माणसे असती. दोन्ही गट एकत्रच आहेत. मर्यादा दोन वर्षांपूर्वीपर्यंत ४,५०,००० होती, पण त्याचा इथे संबंध नाही असे मला वाटले.

अनुराधा_के
सगळा संबंध तिथेच आहे. ५,००,००० हा गोल आकडा आहे, आणि हिशेब अंदाजाने मांडणारे लोक दर बदलत नसला तरी गोल आकडा लिहितात. बहुपदीला हे कळत नाही, मग घात कोणताही घ्या. मर्यादा ४,५०,००० असतानाच्या वर्षात ५,००,००० ला किती जादा माणसे होती, ते मोजा.

नीरजा_म
मोजली. जवळजवळ ४००.

अनुराधा_के
मग १,२०० मधून ती वजा करा, ८०० उरतात. ८०० म्हणजे दोन रकान्यांची माणसे, म्हणजेच १०,००० चे अंतर, म्हणजे मर्यादेच्या २ टक्के. कर जाऊन हाती उरणारा वाटा ९० वरून ८० वर येतो, लघुगणकी मापाने ११.८ टक्के घट. २ ला ११.८ ने भागल्यास लवचिकता, म्हणजे हाती उरणारा वाटा एक टक्का घटल्यास जाहीर उत्पन्न किती टक्के घटते तो आकडा, ०.१७ येते, वजाबाकी केली नसती तर ०.२५ आली असती. आता दोन्ही गट वेगळे करा. एमान्युएल साएझ यांनी २०१० साली अमेरिकेतील विवरणपत्रांवरून दाखवले की, श्रमउत्पन्नावरील करसवलतीच्या पहिल्या वळणापाशी, म्हणजे दर प्रथम बदलतो तिथे, होणारी गर्दी स्वयंरोजगारींचीच आहे. पगारदारांत ती दिसत नाही. पगाराचा आकडा मालकही कळवतो, तो आपल्या सोयीने खाली आणता येत नाही.

सांख्यिक
वजाबाकी मान्य, पण ०.१७ हा आकडा इतक्या खात्रीने देऊ नये. एका वळणावरची गर्दी पाहून लवचिकता काढताना, वळण नसते तर वितरण कसे असते हे आपण गृहीत धरतो. ब्लॉमक्विस्ट आणि न्यूई या अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप नेमका हाच आहे.

अनुराधा_के
तो आक्षेप मला मान्य आहे. जुन्या वर्षाचा आधार घेतल्याने तो सौम्य होतो, संपत नाही, कारण मधल्या काळात सगळ्यांचीच उत्पन्ने वाढली असणार. शिवाय हिशेबनीसांचे उत्तर विषयाबाहेरचे नाही. त्यांनी काम कमी केले नाही, दोन बिले पुढच्या वर्षात ढकलली. अशी माणसे या ८०० मध्ये असतील, तर ०.१७ हा कष्ट कमी केल्याचा आकडा नव्हे, तारखा बदलल्याचाही आहे.

हिशेबनीस
बरोबर आहे. त्या दोन बिलांचे पैसे यंदाच्या विवरणपत्रात आलेच.

नीरजा_म
गट वेगळे केले. वजाबाकीनंतर उरलेली गर्दी जवळजवळ सगळी स्वयंरोजगारींची आहे. पण त्यांच्यातच ४,५०,००० च्या जुन्या मर्यादेपाशी अजूनही उंचवटा शिल्लक आहे. तिथे आता दर बदलत नाही आणि आकडाही तितका गोल नाही.

अनुराधा_के
ती जुनीच माणसे आहेत की नवी? जुनी असतील तर सवयीने तोच आकडा लिहीत असतील, किंवा मर्यादा सरकल्याचे त्यांना कळलेच नसेल. नवी असतील तर माझ्याकडे उत्तर नाही.

नीरजा_म
दोन्ही वर्षांची विवरणपत्रे ओळख क्रमांकाने जोडून पाहते. मसुद्यात सध्या ०.१७ लिहिते, खाली गृहीतकासह.