कंपनीची भाषा सैल करायची, पण किती?

शाईचा डाग
सनस्क्रीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या सोशल मीडियाचं काम माझ्याकडे आलंय. त्यांचा मूळ मजकूर असा: 'सदर उत्पादन एसपीएफ ५० युक्त असून निर्देशानुसार वापर केल्यास अतिनील किरणांपासून संरक्षण प्रदान करण्यास साहाय्यभूत ठरते. उत्पादन ८० मिनिटांपर्यंत जलप्रतिरोधक असून दर दोन तासांनी पुनर्लेपन आवश्यक आहे. त्वचातज्ज्ञांच्या देखरेखीखाली चाचणी करण्यात आलेली आहे.' हे विशीतल्या पोरापोरींसाठी करायचं होतं. मी लिहिलं: 'ऊन गेलं उडत! एकदा हात फिरवा न् दिवसभर मोकळे. पाण्यात उतरलात तरी टेन्शन नाय. डॉक्टरांचं फेव्हरेट!' टीम खूश झाली, लीगलने मात्र लाल करून परत पाठवलं. ते उगाच अडवताहेत का?

रविवारचा माणूस
उगाचच. 'पुनर्लेपन' वाचून कुठलं पोरगं थांबणार आहे? भिंतीला गिलावा करायचाय असं वाटतं. तुझी कॉपी जिवंत आहे. या वयाचे लोक ब्रँडचं बोलणं शब्दशः घेतच नाहीत, त्यांना माहीत असतं की ही जाहिरात आहे. मूळ मजकुराची शेअर करण्यासारखी एक ओळ दाखव. नाही सापडणार. लीगलला पाकिटाचा मागचा भाग दे, त्यांचा सगळा छोटा टाइप तिथे राहू दे, आणि पोस्ट मोकळी सोड.

जुना प्रूफरीडर
मला उलट वाटतं. मुळातला मजकूर कंटाळवाणा आहे, मान्य. पण तो वाचून माणूस म्हणतो, हे कोणीतरी जबाबदारीने लिहिलंय. त्वचेला लावायच्या वस्तूबद्दल कंपनी 'टेन्शन नाय' म्हणू लागली की मी दोन पावलं मागे सरकतो. शिवाय ही बोली उसनी वाटते. भाच्यांच्या गप्पांत घुसून त्यांचेच शब्द वापरणारा मामा असतो ना, तसं. पोरं तोंडावर हसतात आणि पाठ फिरली की नक्कल करतात. मी असतो तर एक शब्द बदलला नसता, फार तर वाक्यं तोडली असती.

अनुस्वार
आधी एक ठरवा. 'केलं' लिहिणार की 'केले'? कंपनीच्या अधिकृत पानावर 'नाय' आणि 'न्' पाहून मला वाईट वाटलं. विश्वासार्हता शुद्धलेखनापासून सुरू होते. 'फेव्हरेट'ऐवजी 'पसंतीचे' का नाही?

शाईचा डाग
अनुस्वारराव, 'डॉक्टरांच्या पसंतीचे' लिहिलं तरी लीगलने लालच केलं असतं. त्यांचा राग इंग्रजीवर नाही.

दुसरा मसुदा
बरोबर, आणि गाठ तिथेच आहे. मी बरीच वर्षं अशाच मजकुरांची उलटापालट करून पोट भरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मूळ मजकुरात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. एक कडकपणा: 'सदर', 'युक्त', 'प्रदान करण्यास', 'करण्यात आलेली आहे'. दुसरी म्हणजे त्यातला माल: ५०, निर्देशानुसार, ८० मिनिटांपर्यंत, दर दोन तासांनी, चाचणी. विश्वास ठेवायचा तो या मालावर. कडकपणा ही फक्त वेष्टणाची दोरी. तुम्ही दोरी कापायला गेलात आणि मालही कचऱ्यात टाकलात. प्रूफरीडरसाहेब दोरीलाच माल समजताहेत, राग नसावा.

आता तुमची पोस्ट मुळाशेजारी ठेवून एकेक शब्द जुळवा. 'एकदा हात फिरवा' हे 'निर्देशानुसार'च्या जागी आलं. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढताना त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम असा चांगला जाड थर देतात. घरी माणसं साधारण त्याच्या अर्धं, पुष्कळदा त्याहूनही कमी लावतात. म्हणजे एकदा हात फिरवणाऱ्याला पाकिटावरचे ५० मिळतच नाहीत. तुमच्या ओळीने चुकीचा वापर शिकवला आणि आकडा मात्र बरोबर वापराचा घेतला. 'दिवसभर' हे 'दर दोन तासांनी'च्या थेट विरोधात जातं. 'पाण्यात टेन्शन नाय'मध्ये ८० मिनिटं बुडाली. अमेरिकेच्या एफडीएने २०११ च्या नियमांत सनस्क्रीनच्या लेबलवर 'वॉटरप्रूफ' म्हणायला बंदी केली ती याचसाठी. पाण्यात ठरावीक वेळ टिकणं आणि पाण्याचा परिणामच न होणं यांत बराच फरक आहे. शेवटचं, चाचणी झाली म्हणजे डॉक्टरांना आवडलं असं होत नाही. परीक्षेला बसणं आणि पहिला येणं वेगळं.

चार वाक्यांत चार खोटे दावे, आणि त्यांतला एकही बोलीमुळे आलेला नाही. हेच तुम्ही अगदी शुद्ध, प्रौढ मराठीत लिहिलं असतं, 'एकदा लेपन केल्यास दिवसभर निश्चिंत राहावे', तरी ते तितकंच खोटं होतं.

रविवारचा माणूस
ठीक, 'दिवसभर' चुकलं. पण मग तुम्ही अटी चिकटवत बसणार आणि पोस्ट पुन्हा पाकीट होणार. प्रत्येक ओळीला फुली आणि खाली बारीक अक्षरं.

दुसरा मसुदा
अट चिकटवायची नाही, तिच्यापासूनच सुरुवात करायची. मी हे असं केलं असतं:

'पोहून बाहेर आलात? सनस्क्रीन परत लावा. आमचं पाण्यात ८० मिनिटं टिकतं, त्यापुढे आम्हीही हमी देत नाही. पोहला नाहीत तरी दर दोन तासांनी एक हात हवाच. आणि हात राखून लावू नका: चिमूटभर लावून ५० चं संरक्षण मिळत नाही. एसपीएफ ५०, त्वचातज्ज्ञांच्या देखरेखीखाली तपासलेलं.'

'सदर' गेलं, 'पुनर्लेपन' गेलं, आकडे सगळे राहिले. 'आम्हीही हमी देत नाही' हे मूळ मजकुरात नव्हतं, पण ते '८० मिनिटांपर्यंत' याचाच अर्थ सांगतं. पोरांना पकडणारी ओळ नेमकी तीच आहे, कारण कंपनी स्वतःच्या मालाची मर्यादा आपणहून सांगेल अशी त्यांची अपेक्षा नसते.

लीगलकडे पाठवण्याआधी एक करून बघा. ज्याला या मालाची काहीच माहिती नाही अशा कोणाला पोस्ट एकदा वाचायला द्या, फोन परत घ्या आणि विचारा, 'उद्या सकाळी दहाला लावलंस, पुन्हा कधी लावशील?' तुमची पहिली पोस्ट वाचणारा 'परत कशाला?' म्हणेल. तेच उत्तर लीगलला आधी ऐकू आलं होतं.

जुना प्रूफरीडर
हा मसुदा मला चालेल, हे कबूल करतो. तरी 'साहाय्यभूत ठरते' तुम्ही गाळलंत. ते उगाच नसतं. 'संरक्षण देते' आणि 'संरक्षणास मदत करते' यांत कंपनीचं अख्खं उत्तरदायित्व मावतं.

दुसरा मसुदा
गाळलं, कारण माझ्या मसुद्यात 'संरक्षण देते' हा दावाच नाही. पण तुमचा मुद्दा पक्का आहे. कुठे तो दावा आला तर 'उन्हापासून वाचवतं' असं सुटं लिहू नये. 'वाचवायला मदत करतं' म्हटलं की बोलीही राहते आणि अटही. फक्त दोन शब्द वाढतात.

तिसरी घंटा
माझा अनुभव वेगळ्या कारणाने आठवला. पैसे पाठवायच्या एका ॲपच्या टीममध्ये होते. एका संध्याकाळी व्यवहार अडकले, लोकांचे पैसे खात्यातून गेले पण पुढे पोचले नाहीत. आमचं पान एरवी मस्त टवाळ होतं, लोकांना आवडायचंही. त्या सवयीने कोणीतरी पोस्ट टाकली, 'सर्व्हर जरा चहाला गेलाय'. पुढचे दोन तास आम्ही शिव्या वाचत होतो. कोणाचं भाडं अडकलं होतं, कोणी औषधाच्या दुकानात उभं होतं. शेवटी साधी पोस्ट केली: काय बिघडलं, कोणाचे पैसे अडकलेत, ते केव्हापर्यंत परत येतील, पुढची माहिती किती वाजता देऊ. त्यात विनोद नव्हता आणि 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे' हेही नव्हतं. 'चूक आमची आहे' असं लिहिलं होतं. त्यावर राग आला, पण टिंगल थांबली.

म्हणून मला वाटतं, सगळ्या पोस्टना एकच सैलपणा चालत नाही. याच सनस्क्रीनने उद्या कोणाला पुरळ उठलं, तर 'आम्हीही हमी देत नाही' या सुरात उत्तर देऊन बघा.

दुसरा मसुदा
शंभर टक्के. 'करण्यात येत आहे'बद्दल बोललात ते फार बरं केलंत. कर्ता लपवणारं क्रियापद कंपन्यांना प्रिय असतं, आणि तरुण वाचक सर्वांत आधी त्यालाच हुंगतो. 'चाचणी करण्यात आली'. कोणी केली? किती जणांवर? याची उत्तरं कंपनीकडे असतील तर ती लिहा, डागरावांची ओळ आपोआप सजीव होईल. नसतील तर ती ओळ मोठी करू नका.

शाईचा डाग
आज विचारलं. चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेने केलीय, पण किती जणांवर ते आमच्या मार्केटिंगमध्ये कोणालाच माहीत नाही. मागवलंय. दुसरं, हे रील म्हणून जाणार आहे. मुलगी पाण्यातून बाहेर येते, मागे संगीत. ८० मिनिटं कॅप्शनमध्ये टाकली तर चालेल?

दुसरा मसुदा
नाही. कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीच्या 'more' दाबल्यावर. दाबतं कोण? चित्रात मुलगी पाण्यातून बिनधास्त बाहेर येतेय, हाच मुळी दावा आहे. मग '८० मिनिटं' त्याच चित्रावर, त्याच क्षणी, वाचून होईल इतका वेळ हवीत. आवाज बंद करून बघणारेही खूप असतात, तेव्हा नुसतं बोलून भागणार नाही.

रविवारचा माणूस
हे मात्र पटलं. मग असं करा, ती बाहेर येते, घड्याळ बघते, ८० झालेत, तोंड वाकडं करून ट्यूब उचलते. अटच विनोद झाली. कॅप्शनमध्ये 'टेन्शन नाय' ठेवायला हरकत आहे का मग?

जुना प्रूफरीडर
आहे. 'नाय' पुढच्या वर्षी शिळं झालेलं असेल, रील तिथेच असेल.

रविवारचा माणूस
रील पुढच्या वर्षी बघतो कोण?

अनुस्वार
आणि वाचकाला 'तू' म्हणणार की 'तुम्ही'? मसुद्यात 'लावा' आहे. विशीतल्या पोराला 'लावा' म्हणजे शाळेची सूचना वाटते. मला व्यक्तिशः 'तुम्ही'च आवडतं, पण माझी मुलगी म्हणते, 'तुम्ही' वाचलं की ते आईबाबांसाठी आहे असं समजून ती पुढे जाते.

दुसरा मसुदा
अनुस्वारराव, हा प्रश्न मात्र नेमका विचारलात, आणि माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी 'तुम्ही' ठेवतो, कारण उद्या तक्रारीला उत्तर देताना त्याच पानावरून 'तुझ्या त्वचेचं ऐकून वाईट वाटलं' असं लिहिणं मला जमणार नाही. पण 'तू' वापरून न ओशाळलेली पानंही पाहिलीत.

तिसरी घंटा
आम्ही पोस्टमध्ये 'तू' आणि तक्रारीत 'तुम्ही' असं करून पाहिलं होतं. एकाने विचारलं, 'पैसे अडकल्यावर एकदम मान द्यायला लागलात?'

शाईचा डाग
प्रयोगशाळेचं उत्तर आलं. चाचणीत भाग घेणाऱ्यांचा आकडा इतका लहान आहे की साहेब म्हणतात तो लिहायचाच नाही, 'त्वचातज्ज्ञांच्या देखरेखीखाली' एवढंच ठेवायचं. लीगलला चालतंय. मलाच आता ती ओळ खटकायला लागलीय.