किरण ०.९५ ला थांबवण्यात अर्थ आहे का?

निनाद: छातीचा सीटी (५१२ × ५१२ × ३००) ब्राउझरमध्ये वेबजीएल २ ने दाखवतोय. हाडांच्या प्रीसेटला शेवटच्या ओळीने वेग वाढतो, फुप्फुसांच्या प्रीसेटला ढिम्म फरक नाही. मी म्हणतो, काढूनच टाकावी.

```
col += (1.0 - A) * a * c;
A += (1.0 - A) * a;
if (A > 0.95) break;
```

सलील: काढू नका! ९५ टक्के भरल्यावर मागचं दिसतंय कुणाला? फुकटचा वेग आहे.

मंगलताई: फुकटचा नाही हो सलील. उरलेले ५ टक्के म्हणजे २५५ पैकी १३ पायऱ्यांपर्यंतचा फरक. शेजारच्या दोन किरणांपैकी एक थांबला आणि दुसरा पुढे गेला, की गुळगुळीत हाडावर नकाशातल्यासारख्या रेघा उमटतात. ०.९९ ठेवा, फरक तीनच पायऱ्यांवर येतो.

निनाद, तुमचा राग चुकीच्या ओळीवर आहे. किरण कधी थांबणार हे ट्रान्सफर फंक्शन ठरवतं. पावलागणिक ओपॅसिटी ०.३ असेल तर ०.९९ गाठायला १३ पावलं पुरतात, ०.०५ ला ९० लागतात. फुप्फुसांना तुम्ही ०.००५ च्या आसपास दिली असणार. मग ९१९ हवीत, आणि तुमच्या डेटात एकेक व्हॉक्सेल पाऊल टाकत कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलं तरी आठशेही होत नाहीत. तिथे शरीराबाहेरची हवा वगळा: ८ × ८ × ८ चे ठोकळे करून प्रत्येकाचा किमान-कमाल आकडा जपायचा, त्या पट्ट्यात फंक्शन शून्य असेल तर ठोकळा ओलांडायचा.

वृषाली: बाबांच्या घोट्याची भेग थ्रीडी चित्रात दिसलीच नव्हती, डॉक्टरांना कापांत सापडली. हा किरण थांबवण्याचाच प्रताप ना?

मंगलताई: नाही गं. भेग समोरच्या पृष्ठभागावर असेल तर किरण तिथे पोचतोच. थ्रीडी चित्र किती जाडीच्या कापांवरून केलं होतं ते बघ. ५ मिमी कापात अर्ध्या मिमीची भेग आजूबाजूच्या हाडात विरघळते. हाडाच्या आत असेल तर वरचं अपारदर्शक हाडच तिला झाकतं, किरण थांबवा नाहीतर नका थांबवू.

निनाद: पटलं. पण वेगासाठी पाऊल दुप्पट केलं, तर फुप्फुसं धुरकट फिकी पडली.

मंगलताई: नमुने निम्मे झाले, ओपॅसिटी तीच राहिली. ती पावलाच्या लांबीप्रमाणे बदला (`ds0` म्हणजे जुनं पाऊल):

```
a = 1.0 - pow(1.0 - a, ds / ds0);
```

सलील: तरी ०.९९ मला जास्तच वाटतं. जीपीयूवर शेजारचे किरण गटाने चालतात. एक थांबला तरी गटातला सर्वात रेंगाळणारा संपेपर्यंत ताटकळतो. फासळ्यांच्या कडांवर तर असे मिश्र गटच जास्त.

मंगलताई: कडांवर खरं आहे. पण पडद्यावर कडा किती आणि सलग हाड किती, ते प्रत्येक प्रीसेटला वेगळं. निनाद, दोन्ही आकड्यांवर फ्रेमचा वेळ मोजून टाका बघू.

निनाद: रात्री मोजतो. लॅपटॉपवर आणि फोनवरही.