फोटोतल्या वेळापत्रकावरून पुढची गाडी गाठताना

«वेळापत्रकाचा फोटो तिरका आलाय. बस १०.४२ ला स्टेशनवर, ट्रेन १०.४७ ला. जमेल का? त्यानंतरची ट्रेन ११.१७ ची आहे.»

मी या पाच मिनिटांवर विसंबणार नाही. पण आधी तो १०.४२ खरा आहे का ते बघा. तिरक्या फोटोत नजर हमखास एक ओळ खाली घसरते, आणि ८ चा ३ वाचला जातो. स्क्रीनवर कागदाची कड ओळीला लावून वाचा, मग शेजारच्या फेऱ्यांशी ताडा. ९.१० ची बस ९.४२ ला आणि ९.४० ची १०.१२ ला पोचत असेल, तर प्रवास ३२ मिनिटांचा. मग १०.१० ची बस १०.४२ लाच यायला हवी. (गर्दीच्या वेळी मात्र मुद्दाम जास्त मिनिटं दिलेली असतात.)

आता ट्रेनपासून उलटं मोजा. उतरून, पूल चढून फलाटावर जायला ६ मिनिटं आणि बसच्या उशिरासाठी १० धरली, तर १०.३१ च्या आत पोचायला हवं. म्हणजे १०.१२ ला पोचणारी बस. ३५ मिनिटं थांबावं लागेल. ११.१७ ची ट्रेन चालत असेल तर तुमची १०.४२ वालीच घ्या, थांबणं तेवढंच. पण ११.१७ ची ट्रेन दिवसातली शेवटची असेल तर मी आधीचीच बस पकडेन.

आणखी एक, १०.४७ शेजारी चांदणी दिसतेय का? तिचा खुलासा तक्त्याच्या तळाशी असतो आणि फोटोत नेमका तोच भाग कापला जातो. बहुतेक वेळा तिथे ‘रविवारी नाही’ असं काहीतरी असतं. तळाचा फोटो पुन्हा मागवा.