मदत हवी आहे: जर्मन रिव्ह्यूला उत्तर देताना ‘झी’ की ‘डू’?

आमच्या छोट्या रेस्टॉरंटला गूगल मॅप्सवर जर्मनमध्ये तीन स्टारचा रिव्ह्यू आलाय. भाषांतरावरून कळलं ते असं: चव आवडली, पण जेवण उशिरा आलं. मी मराठीत छोट्या, सरळ वाक्यांत माफीचं उत्तर लिहिलं, त्याचं जर्मन केलं आणि ते पुन्हा मराठीत आणून पाहिलं. अर्थ जुळतोय. पण जर्मन मजकुरात एका वाक्यात आदरार्थी ‘झी’ आहे, पुढच्यात सलगीचं ‘डू’. उलट मराठीत दोन्हीकडे ‘तुम्ही’च दिसतं, म्हणजे ही गडबड तिथे पकडता येत नाही. उत्तर नंतर बदलता येतं, पण ग्राहकाने पहिलंच वाचलेलं असू शकतं. जर्मन येणारं ओळखीचं कुणी नाही. अनोळखी ग्राहकाला सगळीकडे ‘झी’च ठेवायचं ना? आणि ‘डू’ काढल्यावर त्या वाक्यातलं आणखी काय बदलावं लागेल?