ऑफरवर जादा आकडा मागायचं पत्र: हातात किती येतात ते मांडून. अनुभव धागा

अंबडवाला
अंबड-सातपूरमधून सिन्नरकडे नोकरी बदलताना 20 टक्के वाढीची ऑफर येते आणि पहिल्या स्लिपवर आधीपेक्षा कमी रक्कम दिसते. "माझी अपेक्षा जास्त आहे" एवढंच लिहिलं की एचआरचं उत्तर ठरलेलं, बजेट नाही. हिशेब मांडला तर त्यांना हिशेबानेच बोलावं लागतं. ज्यांनी अशी पत्रं लिहिली किंवा पलीकडच्या टेबलावर बसून वाचली, त्यांनी इथे लिहावं. उदाहरण एकच धरू, क्वालिटी इंजिनिअरचं. आत्ताची सीटीसी 9 लाख, बेसिक 30,000, पीएफ मर्यादेवर म्हणजे महिना 1,800, व्हेरिएबल नाही, कंपनीची बस आहे. नवी ऑफर 10,80,000, बेसिक 40,000, पीएफ पूर्ण बेसिकवर, 1,08,000 व्हेरिएबल, बस नाही.

पेरोलवाली
ऑफर लेटरच्या पहिल्या पानावरचा आकडा बाजूला ठेवा आणि मागचं जोडपत्र उघडा. सोबत नसेल तर आधी तेच मागवा, त्याशिवाय पत्र लिहूच नका.

आत्ताच्या 9 लाखांतून कंपनीचा पीएफ 21,600 आणि ग्रॅच्युइटी 17,316 वजा करा. महिन्याला 71,757 उरतात. त्यातून स्वतःचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 69,757.

आता नवी ऑफर. कंपनीचा पीएफ 57,600, ग्रॅच्युइटी 23,088, व्हेरिएबल 1,08,000. विम्याचा हप्ता बऱ्याच ठिकाणी सीटीसीतच घालतात, तो 12,000 धरते. हे सगळं काढलं की महिन्याला 73,276. स्वतःचा पीएफ 4,800 आणि 200 गेले की हातात 68,276. कागदावर 1,80,000 वाढले आणि दरमहा 1,481 कमी झाले. पत्राचा कणा हा एवढाच आहे.

फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात, त्यामुळे त्या महिन्याची स्लिप तुलनेला घेऊ नका.

गंगाघाट
इन्कम टॅक्स धरलाच नाहीत. 10 लाखांच्या वर तो येणारच ना? शिवाय 12 लाखांच्या वर सीटीसी मागितली तर सगळी वाढ करातच जाते, म्हणून तिथेच थांबलेलं बरं.

पेरोलवाली
गंगाघाट, अर्धं बरोबर. 2025-26पासून नव्या करपद्धतीत करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर कर शून्य. पगारदाराला त्याआधी 75,000 ची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून ही रेषा 12,75,000 ला लागते. आणि ती पगाराला लागते, सीटीसीला नाही. कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि समूह विम्याचा हप्ता त्यात धरत नाहीत. त्यामुळे या उदाहरणात जुन्या-नव्या दोन्ही पगारांवर कर शून्यच, व्हेरिएबल पूर्ण मिळालं तरी.

वाढ करात जाते हे खरं, पण फक्त रेषेच्या लगेच वरच्या पट्ट्यात, साधारण 12.75 ते 13.45 लाख पगारात. ऑफर त्या पट्ट्यात पडत असेल तर तसं पत्रात लिहा. तो मुद्दा एचआरलाही पटतो.

सिन्नर_फाटा
बसचा हिशेब राहिला. जायला-यायला 60 किमी आणि महिन्याचे 24 दिवस धरले तर 1,440 किमी. बाईकला 45 चं अ‍ॅव्हरेज धरलं तर 32 लिटर, 105 रुपयांनी 3,360. पत्रात हे एका ओळीत घाला, पण कंपनीची बस बंद होते म्हणून. नुसतं "पेट्रोल महाग झालंय" लिहिलं की तो तुमचा घरखर्च ठरतो. घराचा हप्ता, मुलांची फी यांचा उल्लेखही नको. त्यावर "तो तुमचा प्रश्न" म्हणता येतं, जोडपत्रातल्या आकड्यावर म्हणता येत नाही.

मखमलाबाद_नाका
माझी ऑफर पुण्याची आहे. भाडं 18,000 जाईल. एचआरए वाढवून मागितला तर कर वाचेल का?

पेरोलवाली
नव्या पद्धतीत एचआरएवर सूट नाही. तिथे एचआरए वाढला काय आणि स्पेशल अलाउन्स वाढला काय, तुमच्यासाठी सारखंच. जुनी पद्धत घेणार असाल तर गणित पूर्ण वेगळं, त्याचा वेगळा धागा काढा ताई.

सातपूरकर_काका
पीएफला नुकसान म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं. जुन्या ठिकाणी दोन्ही बाजू मिळून 3,600 जमा होत होते, इथे 9,600. महिन्याला 6,000 जास्त जमतात आणि ते तुमचेच आहेत. पत्रात हे लपवलंत तर समोरचा पहिल्या फोनवर तेच काढेल आणि बाकीचा हिशेबही खोटा वाटेल.

पेरोलवाली
काका, मान्य. म्हणून ते पत्रात आपणच आधी कबूल करायचं.

आता मागायचा आकडा. हातात 75,000 हवेत, म्हणजे 6,724 कमी पडतात. वर्षाचे 80,688 काढून ते सीटीसीत मिळवायचे, ही सर्रास होणारी चूक. बहुतेक कंपन्यांत बेसिक हे सीटीसीच्या टक्क्यावर असतं. इथे ते 44.4 टक्के आहे. सीटीसीत 100 वाढले की 10 व्हेरिएबलला, 5.33 कंपनीच्या पीएफला, 2.14 ग्रॅच्युइटीला आणि 5.33 तुमच्या पीएफला जातात. हातात 77 च येतात. म्हणून 6,724 ला 0.772 ने भागा. महिन्याला सुमारे 8,710, वर्षाला 1,04,500. मागणी 11,85,000. उलट तपासलं तर हातात 75,030 येतात.

पत्र इंग्रजीतच जाईल, पण मजकूर असा ठेवा:

"ऑफरबद्दल आभार. जोडपत्रानुसार नव्या ऑफरमध्ये माझं मासिक हातातलं वेतन 68,276 येतं, सध्या ते 69,757 आहे. नव्या रचनेत पीएफची बचत महिन्याला 6,000 ने वाढते हे मी धरलं आहे. मात्र 1,08,000 ची रक्कम कामगिरीवर अवलंबून आहे आणि सध्याची बससेवा इथे नाही. सीटीसी 11,85,000 केल्यास हातात सुमारे 75,000 येतील. ते शक्य नसल्यास व्हेरिएबलपैकी 54,000 स्पेशल अलाउन्समध्ये वळवावेत, ही विनंती. आकडेवारीचा तक्ता सोबत आहे."

दुसरा पर्याय मुद्दाम दिलाय. त्यात कंपनीचा एकूण खर्च वाढत नाही आणि महिन्याला 4,500 वाढतात. एचआरला वरून मंजुरी न घेता "हो" म्हणता येईल असं काहीतरी पत्रात लागतं. स्पेशल अलाउन्सवरही पीएफ कापतात का, ते आधी विचारा. कापत असतील तर 4,500 पूर्ण येणार नाहीत.

अंबडवाला
तिसरा पर्याय म्हणून पीएफ 1,800 वरच ठेवा असं मागितलं तर?

पेरोलवाली
चालणार असेल तर तुमचे 3,000 वाचतात. कंपनीच्या वाट्याचे 3,000 अलाउन्समध्ये देतो असं लेखी आलं तरच हातात 74,276. नाहीतर ते कंपनीकडेच राहतात आणि तुमची सीटीसी गुपचूप कमी होते.

सातपूरकर_काका
हा पर्याय मी पत्रात घालू देणार नाही. चाळिशीनंतर ते 6,000 आठवतात.

सिन्नर_फाटा
काका, पण घरी वडिलांची औषधं महिन्याच्या महिन्याला लागतात. ज्याचं त्याने ठरवावं.

गंगाघाट
पत्र कधी पाठवायचं? सही करून रुजू व्हायच्या आधी चालेल?

पेरोलवाली
सही करायच्या आधी. स्वीकारलेल्या ऑफरवर सुधारित जोडपत्र काढायला पुन्हा मंजुरी लागते, ती सहसा मिळत नाही. ऑफरची मुदत बघा आणि जोडपत्र आल्यावर दोन दिवसांत पाठवा. फोनवर "करून देऊ" म्हणाले तरी सुधारित जोडपत्र मेलवर येईपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा देऊ नका. ते आलं की वरचा हिशेब पुन्हा करा. कधीकधी सीटीसी वाढवलेली असते, पण वाढ सगळी व्हेरिएबलमध्ये घातलेली असते.