राज्यघटनेचे जुने प्रश्न संकल्पनेनुसार कसे लावले? अनुभव लिहा

शिरपुडी
राज्यसेवा पूर्वच्या जुन्या पेपरांतले राज्यघटनेचे प्रश्न कापून मी कलमांच्या क्रमाने वहीत चिकटवले. ३५२ एका पानावर, ३५६ दुसऱ्या, ३६० तिसऱ्या. तरी आणीबाणीचे प्रश्न चुकतच होते. नीट पाहिलं तर चूक दर वेळी एकाच जागी होती: संसदेची मान्यता किती दिवसांत आणि कोणत्या बहुमताने. मग तेवढ्याचंच पान केलं, तिन्ही कलमांचे प्रश्न तिथे आणले. ३५२ला एक महिना आणि विशेष बहुमत, बाकी दोघांना दोन महिने आणि साधं बहुमत. शेजारी शेजारी आल्यावर घोळ संपला. आता अडलंय ते बहुविधानी प्रश्नांपाशी. ते कुठे लावता?

जुना गडी
शीर्षक आधी ठरवू नका. प्रश्न सोडवा आणि चुकीचा पर्याय कशामुळे उडाला ते एका ओळीत लिहा. ती ओळच शीर्षक. उदाहरणार्थ, 'राष्ट्रीय आणीबाणी लागताच कलम १९ आपोआप स्थगित होतं.' हे मी आधी 'मूलभूत हक्क'मध्ये टाकलं होतं. पण विधान पडतं आणीबाणीच्या कारणावर. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीनंतर युद्ध किंवा परकीय आक्रमण असेल तरच १९ आपोआप जातं, सशस्त्र उठावात नाही. म्हणून माझं पान 'आणीबाणीचं कारण आणि परिणाम' असं आहे.

निवांत
मी ३५८ आणि ३५९ एकत्रच ठेवलेत. दोन्हींत हक्क जातात, २० आणि २१ तेवढे राहतात.

जुना गडी
एकत्र ठेवा, पण मध्ये रेघ मारा. ३५८ फक्त १९पुरतं. ३५९ला राष्ट्रपतींचा वेगळा आदेश लागतो, आणि २०-२१ची सूट तिथलीच आहे. परीक्षेत अदलाबदल नेमकी इथेच करतात.

आईची वही
माझी लेक दहावीला आहे. वर्गसमीकरणांची शाब्दिक उदाहरणं आम्ही वयाची, वेगाची, शेताची अशी लावली होती. तिला समीकरण सोडवता यायचं, मांडता येत नव्हतं. मग 'दोन संख्यांचा गुणाकार दिलाय' अशा खुणेने लावली. शेताची लांबी-रुंदी आणि दोघांची वयं एकाच पानावर आली, आणि ती म्हणाली, "अगं, हे तर तेच आहे." तुमच्या विषयात चालेल का, ठाऊक नाही.

पहाटपाळी
कात्रणावर वर्ष लिहा! केंद्रशासित प्रदेश किती, याचं जुनं उत्तर ७. ऑक्टोबर २०१९च्या अखेरीस ९ झाले, २६ जानेवारी २०२०पासून ८ आहेत. माझ्या कात्रणावर वर्ष नव्हतं, मी ७च पाठ करून बसले होते. अशा प्रश्नांना आता लाल कोपरा करते.

शिरपुडी
वर्षं आज रात्रीच लिहिते. बहुविधानी प्रश्नांसाठी पेपरची दुसरी झेरॉक्स काढून विधानंच सुटी कापून पाहिली, पण मग पर्याय उडवण्याचा सराव होत नाही. अख्खा प्रश्न ठेवावा की विधानं सुटी करावीत?

जुना गडी
मी अख्खाच ठेवतो, तो ज्या विधानावर पडला त्या पानावर.

निवांत
मी सुटी करतो. उजळणी पटकन होते.