सोसायटी ग्रुप: ऑफिसचा कीबोर्ड आणि मेंटेनन्सची बिलं

कुलकर्णी (खजिनदार): ऑफिसच्या नवीन कीबोर्डला परत कोणीतरी हात लावलाय. U दाबलं की 7 येतंय, J दाबलं की 4. "Joshi" टाइप केलं तर 49sh8. बिलं उद्या जायची आहेत. ज्यांनी रविवारी बटणांची अदलाबदल केली त्यांनी कृपया खाली यावं.

पाटील ए-१०१: कीबोर्ड किती रुपयांपर्यंतचा मंजूर झाला होता? ठरावाचा फोटो टाका.

नेने काकू: कुलकर्णी साहेब मला तर तुमचं मागचं बिल नीट मिळालं, फक्त आडनाव नने आलंय

अथर्व डी-५०२: काका रविवारी मीच होतो, तुम्हीच म्हणालात नंपॅड नाही, एका बटणावर आकडे चालू बंद करून दे, म्हणून Caps Lock वर TG(3) टाकलं, म्हणजे थर 3 चालू बंद करायचा कोड. थर म्हणजे त्याच बटणांना दिलेला दुसरा संच. कीबोर्ड बिघडलेला नाही. A दाबताना चुकून Caps ला बोट लागलं की आकड्यांचा थर चालू होतो आणि परत Caps दाबेपर्यंत तसाच राहतो. एकदा वायर काढून लावून बघा प्लीज.

कुलकर्णी (खजिनदार): काढली लावली. आता U ला u येतोय. पण हे किती वेळा करायचं?

अथर्व डी-५०२: रोज नाही करायचं काका, खात्रीसाठी सांगितलं. चालू केलेला थर वायर काढली की विसरला जातो, पण कुठल्या बटणावर काय आहे तो तक्ता कीबोर्डच्या मेमरीत कायम राहतो. म्हणजे वायर काढून लावल्यावर जर सगळं सरळ झालं तर थर अडकला होता, आणि तरीही U ला 7 च आलं असतं तर मूळ थरातच कोणीतरी बटण बदललंय असं समजायचं.

सावंत (माजी सेक्रेटरी): म्हणूनच मी म्हणत होतो अशा गोष्टीत मुलांना घालू नका. माझ्या ऑफिसात असा कीबोर्ड होता त्याला फर्मवेअर कंपाइल करून भरावं लागायचं, एक चूक झाली की कीबोर्ड बंद. दुकानात पाठवा.

अथर्व डी-५०२: काका इथे फर्मवेअरला हातच लावलेला नाही. हा कीक्रॉन V1 आहे, त्यात बटणं बदलायची VIA ही सोय आधीपासून आहे. क्रोममध्ये usevia.app उघडायचं, Authorize करायचं, कीबोर्ड निवडून Connect. ते पान फक्त तो तक्ता बदलतं. बदल केल्यावर Save दाबावं पण लागत नाही, क्लिक केलं की लगेच कीबोर्डमध्ये लिहिलं जातं.

सावंत (माजी सेक्रेटरी): मी काल तेच केलं होतं. Caps बदलून Esc केलं. स्क्रीनवर बदललेलं दिसलं, प्रत्यक्षात काहीही नाही. तुमचं ते पान चालत नाही.

शिंदे बी-२०३: म्हणजे काल सावंत साहेबही ऑफिसात होते तर 😄

सावंत (माजी सेक्रेटरी): मदत करायला गेलो होतो. हसायचं काम नाही.

पाटील ए-१०१: ठरावाचा फोटो?

रेश्मा सी-४०१: सावंत काका, तुम्ही डावीकडे वर कुठला LAYER निवडला होता? 0 असेल तर मॅकचं बटण बदललंय तुम्ही. या कीबोर्डच्या वरच्या कडेला Mac / Win चा छोटा खटका आहे ना, तो Mac वर असला की 0 आणि 1 थर, Win वर असला की 2 आणि 3. ऑफिसचा पीसी विंडोज, खटका Win वर, आणि VIA उघडल्यावर आधी 0 च समोर येतो. माझ्या घरी हाच कीबोर्ड आहे, जवळजवळ सगळे पहिल्यांदा इथेच अडकतात. बदल झालेला असतो, फक्त जो थर वापरात नाही त्यात.

सावंत (माजी सेक्रेटरी): 0 च होता बहुतेक. हे तिथे लिहायला नको?

देशपांडे मॅडम (सेक्रेटरी): सर्वांना विनंती, कुलकर्णी साहेबांची बिलं आधी. बाकी नंतर बोलू.

शिंदे बी-२०३: मॅडम बिलांत टँकरचे पैसे कसे धरलेत ते पण एकदा सांगा, आमच्या विंगला दोन दिवस पाणी नव्हतं

पाटील ए-१०१: बरोबर. आणि कीबोर्डचे पण.

देशपांडे मॅडम (सेक्रेटरी): टँकरचा विषय रविवारी मीटिंगला. 🙏

अथर्व डी-५०२: कुलकर्णी काका, Caps वरचं TG काढून MO टाकू. TG म्हणजे एकदा दाबलं की चालू, MO म्हणजे धरून ठेवलं तेवढंच. डाव्या करंगळीने Caps धरायचं आणि उजव्या हाताने आकडे, सोडलं की लगेच अक्षरं. अडकायचा प्रश्नच नाही. LAYER 2 वर क्लिक करा, चित्रातल्या Caps वर क्लिक करा, खाली Layers मध्ये MO(3) निवडा.

कुलकर्णी (खजिनदार): केलं. आता धरलं की आकडे येतात. K ला मात्र काहीच येत नाही, 5 पण नाही आणि k पण नाही.

सावंत (माजी सेक्रेटरी): बघा, मी म्हटलं होतं

अथर्व डी-५०२: एक मिनिट. थर 3 मध्ये K वर काय दिसतंय? रविवारी मी U I O ला 7 8 9, J K L ला 4 5 6, M आणि स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांना 1 2 3, स्पेसला 0 आणि तिरप्या रेघेच्या बटणाला दशांश टिंब दिलं होतं. सगळे वरच्या रांगेतले साधे आकडे, नंपॅडचे कोड नाहीत, नाहीतर Num Lock बंद असला की आकड्यांऐवजी बाण उठतात. बाकी ज्या बटणांवर ▽ दिसतं त्यांचं काम खालच्या थरावर सोपवलेलं आहे.

कुलकर्णी (खजिनदार): K वर 5 दिसतंय. थर 2 मध्ये K च आहे.

रेश्मा सी-४०१: मग VIA चा दोष नाही. तक्त्यात बरोबर आहे आणि दोन्ही थरांत बटण मेलंय म्हणजे दाबलेलं कीबोर्डपर्यंत पोचतच नाही. नेने काकूंच्या घरून आवाजाची तक्रार आली म्हणून गेल्या आठवड्यात स्विच बदलले ना? तेव्हा पिन वाकली असणार.

नेने काकू: तक्रार नव्हती ती, विनंती होती. रात्री साडेअकराला ऑफिसातून टकटक टकटक यायची, खिडकी आमच्या बेडरूमखाली आहे

सावंत (माजी सेक्रेटरी): स्विच माझ्या मुलाने बदलले, स्वतःच्या पैशाने. त्याबद्दल कोणी आभार मानले नाहीत.

देशपांडे मॅडम (सेक्रेटरी): मनापासून आभार सावंत साहेब. ग्रुपवर राहून गेलं.

रेश्मा सी-४०१: कुलकर्णी काका, आधी वायर काढा. डब्यात तारेचा चिमटा आहे त्याने K आणि L ची टोपणं काढा, मग दोन्हीचे स्विच वरच्या आणि खालच्या खाचेत पकडून सरळ वर ओढा. K चा उलटा करून बघा, तांब्याच्या दोन बारीक पिना सरळ उभ्या पाहिजेत. एखादी आडवी झोपली असेल तर भुवयांच्या चिमट्याने हळू सरळ करा आणि स्विच तिरका न करता सरळ खाली दाबा. पिना ठीक दिसल्या तर दोन स्विच एकमेकांच्या जागी लावा. दोष L कडे गेला तर स्विच खराब, K च्याच जागी राहिला तर खालचं सॉकेट.

शिंदे बी-२०३: खजिनदार साहेब आता सर्जरी करणार 😂

पाटील ए-१०१: दुरुस्तीचा खर्च कोणाच्या नावावर? आणि ठरावाचा फोटो अजून आला नाही.

कुलकर्णी (खजिनदार): एक पिन पूर्ण आडवी होती. सरळ केली. K आणि 5 दोन्ही चालू. खर्च शून्य रुपये, पाटील साहेब.

कुलकर्णी (खजिनदार): अथर्व आता एकच. नोटीस मराठीत आणि बिल इंग्रजीत, सारखं Win आणि स्पेस दाबून कंटाळा येतो. Caps नुसतं दाबलं तर भाषा बदलावी आणि धरलं तर आकडे, असं कर ना.

अथर्व डी-५०२: काका नेमकं तेवढंच VIA मध्ये होत नाही. टॅपला एक आणि धरल्यावर थर असं जमतं, पण टॅपच्या जागी एक साधं बटणच चालतं, Esc किंवा Enter वगैरे. Win+स्पेस ही जोडी आहे, ती तिथे बसत नाही, त्यासाठी खरोखरच फर्मवेअर बदलून कंपाइल करावं लागेल. त्यापेक्षा भाषेला वेगळं बटण देऊ. थर 2 मध्ये उजव्या Alt वर क्लिक, Special मध्ये Any, आणि हे टाका:

```
LGUI(KC_SPC)
```

रेश्मा सी-४०१: उजवं Alt नको अथर्व, इनस्क्रिप्टमध्ये काही चिन्हं त्यानेच येतात. उजवं Ctrl घ्या, ते ऑफिसात कोणी वापरत नाही.

अथर्व डी-५०२: हो बरोबर. काका उजवं Ctrl.

कुलकर्णी (खजिनदार): केलं. पण एकदा दाबलं तर इंग्रजीतून इंग्रजीतच जातंय, दुसऱ्यांदा मराठी.

रेश्मा सी-४०१: विंडोजमध्ये English (India) आणि English (US) दोन्ही असतील. सेटिंगमधून एक काढून टाका, मग इंग्रजी आणि मराठी दोघंच उरतील.

नेने काकू: रेश्मा ळ साठी एक बटण होईल का ग, महिला मंडळाच्या नोटिशीत दरवेळी मला शिफ्ट चुकतं आणि मंडल होतं

रेश्मा सी-४०१: होईल काकू. कीबोर्डला मराठी कळत नाही, तो फक्त कुठलं बटण दाबलं तेवढं पाठवतो, अक्षर विंडोज ठरवतं. त्यामुळे VIA मध्ये थेट ळ टाकता येत नाही. पण इनस्क्रिप्टमध्ये ळ म्हणजे शिफ्ट आणि N, म्हणून PgDn वर Any मधून LSFT(KC_N) टाकलं की मराठी चालू असताना ळ येईल. इंग्रजी चालू असेल तर मोठा N येईल, तेवढं लक्षात ठेवा.

नेने काकू: चालेल ग. मंडळ झालं म्हणजे झालं

देशपांडे मॅडम (सेक्रेटरी): हे सगळं परत कोणी बदललं तर?

अथर्व डी-५०२: Save + Load मध्ये जाऊन Save दाबलं की एक json फाइल उतरते, ती सोसायटीच्या ड्राइव्हवर ठेवा. कोणी काही केलं तर तीच Load करायची.

पाटील ए-१०१: मी माझ्या फायरफॉक्समध्ये ते पान उघडून बघितलं, कीबोर्ड दिसतच नाही. म्हणजे ऑफिसचाच पीसी लागतो का? आणि ठरावाचा फोटो कधी टाकणार?

रेश्मा सी-४०१: काका कीबोर्ड वायरने जोडलेला पाहिजे, आणि क्रोम किंवा एज पाहिजे, फायरफॉक्समधून ते पान कीबोर्डशी बोलू शकत नाही.

देशपांडे मॅडम (सेक्रेटरी): पाटील साहेब ठराव रजिस्टरमध्ये आहे, उद्या सकाळी ऑफिस उघडल्यावर बघून जा. फोटो मी टाकणार नाही.

पाटील ए-१०१: ठीक आहे. नोंद घेतली.

कुलकर्णी (खजिनदार): ए आणि बी विंगची बिलं झाली. अथर्व, सी आणि डी ची मी घरी बसून करीन, कीबोर्ड घरच्या लॅपटॉपला लावला तर हे सगळं परत करायला लागेल का?

अथर्व डी-५०२: नाही काका, तक्ता कीबोर्डमध्येच आहे, लावला की Caps चे आकडे चालतील, VIA उघडायची पण गरज नाही. फक्त लॅपटॉप विंडोजचा असेल तर त्यात मराठी इनस्क्रिप्ट टाकून घ्या, नाहीतर उजव्या Ctrl ने काही बदलणार नाही. आणि वहिनींचा मॅकबुक असेल तर खटका Win वरच ठेवा, Mac वर नेला तर थर 0 लागेल आणि तिथे आपण काहीच केलेलं नाही.

सावंत (माजी सेक्रेटरी): Caps ला Esc आहे तिथे. मी केलेलं.

अथर्व डी-५०२: हो काका, तेवढं आहे 🙏